कॅरिओटाइपचा रिपोर्ट वाचताना 46 बघून थांबू नका: ट्रायसोमी आणि बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन पायरीपायरीने

बाळाचा कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोम मोजून-ओळखून केलेला रिपोर्ट, हातात आला की सगळे आधी आकडा बघतात. 47 दिसला तर धक्का बसतो, 46 दिसला तर सुटकेचा श्वास, आणि आईच्या रिपोर्टमध्ये 45 दिसला की घरात रडारड सुरू. गंमत अशी की यातल्या दोन प्रतिक्रिया चुकीच्या असू शकतात. 46 आकडा असूनही बाळाला डाउन सिंड्रोम असतो आणि 45 असलेली बाई अगदी ठणठणीत असते.

दुसरा गोंधळ बीएस्सीच्या मुलांपासून काही डॉक्टरांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, "नॉनडिसजंक्शनमुळे ट्रायसोमी आणि ट्रान्सलोकेशन होतात". यातलं अर्धं बरोबर आहे. ट्रायसोमी, म्हणजे एखादा क्रोमोसोम दोनऐवजी तीन असणं, नॉनडिसजंक्शनमुळे होते, म्हणजे विभाजनात क्रोमोसोम एकमेकांपासून न सुटल्यामुळे, पण ट्रान्सलोकेशन होतं ते क्रोमोसोम तुटून चुकीच्या जागी जोडला गेल्यामुळे. नॉनडिसजंक्शन तिथे येतं ते नंतर, असा जोडलेला क्रोमोसोम असलेल्या माणसाचं बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना. हा क्रम उलटा लावला की पुढचा सगळा सल्ला चुकतो, कोणाची टेस्ट करायची, पुढच्या बाळाला धोका किती, सगळंच.

मी इथे एकच उदाहरण धरतो, 14 आणि 21 नंबरचे क्रोमोसोम एकमेकांना चिकटलेले. हे नीट कळलं की बाकीचे प्रकार आपले आपण वाचता येतात. कागदाच्या पट्ट्या, कात्री, सेलोटेप, लाल-निळं पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही हा अनुभव आहे.

## पायरी 1: रक्त कुठल्या ट्यूबमध्ये गेलं ते बघा

कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात. सीबीसी किंवा शुगरसारखं रक्त काढलं, मशीनला लावलं, संपलं असं नाही. पांढऱ्या पेशी लॅबमध्ये साधारण 72 तास वाढवतात, त्यांना विभाजन करायला भाग पाडतात, मग ऐन विभाजनात औषध घालून थांबवतात, कारण क्रोमोसोम वेगवेगळे मोजता येतात ते फक्त त्याच वेळी. नंतर पेशी पाण्याने फुगवतात, स्लाइडवर पसरवतात आणि ट्रिप्सिन-गिम्साने रंगवतात, म्हणजे प्रत्येक क्रोमोसोमवर काळेपांढरे पट्टे उमटतात. पट्ट्यांवरून कुठला 14 आणि कुठला 21 ते ओळखायचं.

म्हणून ट्यूब सोडियम हेपरिनची, हिरव्या टोपीची. सीबीसीची जांभळ्या टोपीची ट्यूब चालत नाही, त्यातल्या रसायनाने पेशी नीट वाढत नाहीत. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सवयीने जांभळी ट्यूब भरतात आणि मग आठवड्याने फोन येतो "सॅम्पल फेल, परत द्या". तान्ह्या बाळाला परत टोचायचं म्हणजे आईचा जीव कासावीस होतो, तेव्हा आधीच विचारून घ्या.

सावधान: सॅम्पल गोठवायचं नाही आणि बर्फाला चिकटून पाठवायचं नाही. बाळाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला कळवा. रिपोर्टला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, रोज फोन करून पेशी लवकर वाढत नाहीत.

## पायरी 2: ओळ डावीकडून उजवीकडे वाचा

रिपोर्टमध्ये चार परिच्छेद असले तरी खरी माहिती एका ओळीत असते. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी एकूण आकडा, मग लिंगाचे क्रोमोसोम, मग काय वेगळं आहे ते. या चार ओळी बघा:

```
46,XX
47,XY,+21
45,XX,der(14;21)(q10;q10)
46,XY,der(14;21)(q10;q10),+21
```

पहिली ओळ नेहमीची. दुसरीत एक 21 जास्त आणि तो सुटा, यालाच फ्री ट्रायसोमी म्हणतात, डाउन सिंड्रोमच्या साधारण 95 टक्के बाळांमध्ये हेच सापडतं. तिसरी आणि चौथी ओळ गोंधळाची.

`der` म्हणजे मूळ क्रोमोसोमपासून बनलेला बदललेला क्रोमोसोम, काही लॅब त्याजागी `rob` लिहितात, अर्थ इथे तोच. कंसातलं `14;21` म्हणजे या दोघांपासून तो बनला. `q` म्हणजे लांब भुजा, `p` म्हणजे आखूड भुजा, आणि `q10` म्हणजे सेंट्रोमिअरपाशी, दोन भुजा जिथे मिळतात तिथे. थोडक्यात 14 ची लांब भुजा आणि 21 ची लांब भुजा एकमेकांना जोडलीये.

आखूड भुजा कुठे गेल्या? हरवल्या, आणि त्याने बिघडत काही नाही. 13, 14, 15, 21 आणि 22 या पाच क्रोमोसोमची आखूड भुजा इवलीशी असते, तिच्यात मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएचे जीन असतात आणि त्यांच्या भरपूर कॉपी बाकीच्या क्रोमोसोमवर असतातच. म्हणून या पाचांमध्येच असं जोडलं जाणं चालून जातं, याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. साधारण हजारात एका माणसाकडे ते असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

तपासा: शेवटी चौकोनी कंसात आकडे आहेत का, जसं `47,XX,+21[14]/46,XX[6]`? मग हे मोझेक आहे, 14 पेशींमध्ये ट्रायसोमी आणि 6 नॉर्मल. सहसा 20 पेशी मोजतात. 20 पैकी 20 नॉर्मल आल्या तरी 14 टक्क्यांपेक्षा कमी पेशींमध्ये असलेली ट्रायसोमी निसटू शकते, म्हणून डॉक्टरांना बाळाला बघून शंका असेल तर जास्त पेशी मोजायला सांगतात.

## पायरी 3: तुकडे मोजू नका, लांब भुजा मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

देवळाबाहेर चपलांचे जोड काढून ठेवलेत असं समजा. कोणीतरी एका जोडातली एक चप्पल आणि दुसऱ्या जोडातली एक चप्पल सुतळीने बांधून टाकली. दुरून मोजणाऱ्याला एक नग कमी दिसणार, पण चप्पल एकही चोरीला गेलेली नाही. 45 आकड्याचा बॅलन्स्ड कॅरियर, म्हणजे जोडलेला क्रोमोसोम बाळगणारा पण हिशोब पूर्ण असलेला माणूस, म्हणजे हेच.

कागदावर दोन कॉलम करा, "14 ची लांब भुजा" आणि "21 ची लांब भुजा", आणि ओळीतला प्रत्येक क्रोमोसोम मांडा.

`45,XX,der(14;21)(q10;q10)` घ्या. सुटा 14 एक, सुटा 21 एक, आणि जोडलेला एक ज्यात दोन्ही आहेत. 14 च्या भुजा दोन, 21 च्या भुजा दोन. हिशोब पूर्ण, म्हणून बॅलन्स्ड. बाई निरोगी.

आता `46,XY,der(14;21)(q10;q10),+21`. जोडलेला एक, सुटा 14 एक, आणि सुटे 21 दोन. 14 च्या भुजा दोन, 21 च्या तीन. बाळाला डाउन सिंड्रोम आहे, एकूण आकडा 46 असला तरी. आणि तो सौम्य वगैरे नसतो हं, लक्षणं फ्री ट्रायसोमीसारखीच. डाउन सिंड्रोमच्या साधारण 3 ते 4 टक्के बाळांमध्ये असा जोडलेला प्रकार सापडतो.

नेहमीची चूक: "ट्रान्सलोकेशन" शब्द दिसला की बॅलन्स्ड समजणं. तो शब्द फक्त जागा बदललीये एवढं सांगतो. बॅलन्स्ड आहे की नाही ते भुजा मोजून ठरतं.

## पायरी 4: साधं नॉनडिसजंक्शन पट्ट्यांवर करून बघा

आधी फ्री ट्रायसोमी. फक्त 21 घ्या. दोन लाल पट्ट्या एका टोकाला पिन लावून जोडा, तसंच दोन निळ्या. लाल म्हणजे त्या बाईला तिच्या आईकडून आलेला 21, निळा तिच्या वडिलांकडून आलेला. दोन-दोन पट्ट्या का, तर मायोसिसच्या, म्हणजे बीजांड किंवा शुक्राणू तयार करणाऱ्या विभाजनाच्या आधी प्रत्येक क्रोमोसोमची कॉपी तयार झालेली असते.

नॉर्मल क्रम असा: पहिल्या विभाजनात लाल जोडी एकीकडे, निळी जोडी दुसरीकडे. दुसऱ्या विभाजनात पिन सुटते, पट्ट्या वेगळ्या होतात. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत एक पट्टी.

आता पहिल्या विभाजनात मुद्दाम चूक करा. लाल आणि निळी, दोन्ही जोड्या एकाच बाजूला टाका. दुसरं विभाजन बरोबर झालं तरी दोन पेशींमध्ये एक लाल एक निळी अशा दोन पट्ट्या येतात आणि दोन पेशी रिकाम्या. चारपैकी एकही बरोबर नाही.

परत सुरुवात करा. या वेळी पहिलं विभाजन बरोबर, पण दुसऱ्यात लाल जोडीची पिन सुटलीच नाही. एका पेशीत लाल-लाल, एक रिकामी, आणि निळ्याकडच्या दोन्ही बरोबर.

दोन पट्ट्या असलेल्या बीजांडाला एका 21 चा शुक्राणू मिळाला की तीन, `+21`. बीजांडाच्या बाबतीत चारपैकी एकच पेशी बीजांड होते आणि बाकीच्या छोट्या ध्रुवीय पेशी म्हणून वाया जातात, शुक्राणूचं तसं नसतं.

फ्री ट्रायसोमी 21 मध्ये साधारण 90 टक्के वेळा जादा क्रोमोसोम आईकडून येतो, आणि त्यात पहिल्या विभाजनातली चूक जास्त सापडते. कारण बाईची बीजांडं ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच पहिल्या विभाजनात शिरतात आणि तिथेच थांबतात, ते विभाजन पुरं होतं ओव्ह्युलेशनच्या वेळी, म्हणजे पंचवीस-तीस-चाळीस वर्षांनी. क्रोमोसोम एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं इतकी वर्षं टिकायची म्हणजे झिजणारच. म्हणून वय वाढतं तसा धोका वाढतो, 25 व्या वर्षी साधारण 1250 त एक, 35 ला साडेतीनशेत एक, 40 ला शंभरात एक. गरोदरपणात पपई खाल्ली, ग्रहण पाहिलं याचा काही संबंध नाही, बीजांडाचं विभाजन तोवर होऊन गेलेलं असतं. मामेभावाशी लग्न झालं म्हणूनही हे होत नाही, नात्यातल्या लग्नाचा धोका वेगळ्या आजारांसाठी.

तपासा: रिपोर्टवरून चूक पहिल्या विभाजनात झाली की दुसऱ्यात हे सांगता येत नाही. मायक्रोस्कोपखाली तिन्ही 21 सारखेच दिसतात. त्यासाठी सेंट्रोमिअरजवळचे डीएनए मार्कर आईबाबांशी जुळवून बघावे लागतात, आणि सल्ल्यासाठी त्याची सहसा गरज नसते.

## पायरी 5: आता सेलोटेप लावा

नवीन पट्ट्या घ्या. एक लांब (सुटा 14), एक आखूड (सुटा 21), आणि एक लांब व एक आखूड टोकाला टोक लावून सेलोटेपने चिकटवलेली. कॅरियर बाईच्या पेशीतले हे तीन तुकडे. हे चिकटणं नॉनडिसजंक्शन नाही, हे आधीच झालंय, तिच्यात किंवा तिच्या कुठल्या पूर्वजात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत येऊ शकतं.

मायोसिसमध्ये हे तिघं एकत्र येतात, कारण सुट्या 14 ला जोडीदार म्हणून चिकटलेल्यातला 14 हवा आणि सुट्या 21 ला त्यातला 21. जोडीऐवजी तिकडी झाली. तिघांना दोन बाजूंना वाटायचं म्हणजे एकीकडे दोन, दुसरीकडे एक. हातानेच वाटून बघा, तीनच प्रकारे वाटता येतं आणि सहा प्रकारची बीजांडं मिळतात.

पहिली वाटणी: सुटे 14 आणि 21 एकीकडे, चिकटलेला दुसरीकडे. पहिल्या बीजांडातून पूर्ण नॉर्मल बाळ, दुसऱ्यातून आईसारखंच बॅलन्स्ड कॅरियर. दोन्ही निरोगी.

दुसरी वाटणी: चिकटलेला आणि सुटा 21 एकीकडे, एकटा 14 दुसरीकडे. म्हणजे दोन 21 एकमेकांपासून सुटले नाहीत, नॉनडिसजंक्शनचा खरा संबंध इथे येतो. एका बीजांडातून तीन 21, डाउन सिंड्रोम. दुसऱ्यातून एकच 21, तो गर्भ टिकत नाही.

तिसरी वाटणी: चिकटलेला आणि सुटा 14 एकीकडे, एकटा 21 दुसरीकडे. एकात तीन 14, दुसऱ्यात एक 14. दोन्ही गर्भ राहत नाहीत, पाळी थोडी पुढे जाऊन येते किंवा लवकर गर्भपात होतो.

नेहमीची चूक: जन्माला येऊ शकणारे प्रकार तीन, त्यातला एक डाउन, म्हणजे धोका 33 टक्के. गणित सुबक आहे पण शरीर फासे टाकत नाही. पहिली वाटणी बरीच जास्त वेळा होते आणि डाउनचे काही गर्भही मध्येच पडतात. प्रत्यक्षात आई कॅरियर असेल तर साधारण 10 ते 15 टक्के, बाबा कॅरियर असतील तर साधारण 1 टक्का किंवा त्याहून कमी.

एक वाईट अपवाद आहे. `der(21;21)` मध्ये दोन 21 एकमेकांनाच चिकटलेले असतात. आईबाबांपैकी एक त्याचा कॅरियर असेल तर बीजांडात किंवा शुक्राणूत एकतर दोन्ही 21 जातात किंवा एकही नाही, म्हणून टिकणारं प्रत्येक बाळ डाउनचंच. पट्ट्यांवर करून बघा, दुसरा मार्गच सापडणार नाही. सुदैवाने हा प्रकार बहुतेक वेळा बाळातच नव्याने झालेला असतो.

## पायरी 6: पुढची टेस्ट कोणाची, कुठल्या क्रमाने

आता एक केस घेऊन सगळं लावून बघू. आई 26 वर्षांची, आधी आठव्या आठवड्यात एक गर्भपात, मग मुलगा, त्याच्यात डाउनची लक्षणं. रिपोर्ट आला `46,XY,der(14;21)(q10;q10),+21`. घरातल्यांनी 46 बघून पेढे आणले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, शेहेचाळीसच आहेत की, मग कशाला घाबरवता?" पायरी 3 चा कागद पुढे ठेवला, भुजा मोजल्या, तीन 21.

मग आईबाबा दोघांचं रक्त एकाच वेळी. "आधी आईचं बघू" असं करू नका, उगाच दोन आठवडे जातात आणि घरात बोट आईकडेच वळतं. दोघांचेही नॉर्मल आले असते तर ट्रान्सलोकेशन बाळात नव्यानेच झालंय असं धरतात आणि पुढच्या वेळचा धोका खूप कमी असतो. इथे आईचा आला `45,XX,der(14;21)(q10;q10)`. आधीचा गर्भपात बहुधा पायरी 5 मधल्या न टिकणाऱ्या वाटण्यांपैकी एक.

यानंतर आईच्या माहेरी जायचं: तिचे आईवडील, भाऊ, बहिणी. तिच्या आईतही तेच निघालं, आणि धाकट्या बहिणीतही, जिचे तीन गर्भपात झाले होते आणि पाचएक वर्षं नुसती हार्मोनची औषधं चालू होती. वारंवार गर्भपात होणाऱ्या प्रत्येक जोडप्यात हेच सापडेल असं नाही, पण दोघांचा कॅरिओटाइप केला तर साधारण 2 ते 5 टक्के जोडप्यांमध्ये एकात बॅलन्स्ड बदल निघतो.

सावधान: मुलाचा रिपोर्ट `47,XY,+21` असा सुटा असता तर आईबाबांचा कॅरिओटाइप सहसा लागतच नाही. फ्री ट्रायसोमीत तरुण आईला पुढच्या वेळचा धोका साधारण 1 टक्का, मोठ्या वयात वयाचाच. अख्ख्या खानदानाच्या टेस्टवर पैसे घालवू नका.

## पायरी 7: पुढच्या गरोदरपणात कुठली टेस्ट काय सांगत नाही

एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातून होणारी टेस्ट, ती 21 चं डीएनए जास्त आहे का एवढं बघते. सुटा जास्त की चिकटलेला हे तिला कळत नाही आणि बॅलन्स्ड कॅरियर तर तिला दिसतच नाही. फिश म्हणजे ठरावीक क्रोमोसोमवर चमकणारे ठिपके पाडून मोजायची टेस्ट, तिचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, डाउन असेल तर त्यात 21 चे तीन ठिपके दिसतात, पण तेही पेशीत कुठेही विखुरलेले, कोण कोणाला चिकटलाय ते कळत नाही. मी बघितलेल्या गोंधळांपैकी बरेच इथले आहेत, फिशमध्ये तीन ठिपके आले, सगळ्यांनी फ्री ट्रायसोमी धरली, कॅरिओटाइप केलाच नाही, आणि कॅरियर आई सापडली दुसऱ्या बाळानंतर.

कॅरियर आई असेल तर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल काढून पूर्ण कॅरिओटाइप. भारतात गर्भाच्या रिपोर्टमध्ये XX की XY हे लिहीत नाहीत, कायद्याने बंदी आहे, तेव्हा ती जागा झाकलेली दिसली तर लॅबने काही लपवलंय असं समजू नका, आणि विचारूही नका.

गर्भाचा रिपोर्ट 45 चा आला आणि त्यात तोच `der(14;21)` असेल तर परत पायरी 3: भुजा मोजा, दोन आणि दोन. बाळ आईसारखंच. फक्त मोठं झाल्यावर त्याला किंवा तिला हे सांगायला लागेल, म्हणून आईच्या मूळ रिपोर्टची झेरॉक्स बाळाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये आजच लावून ठेवा, वीस वर्षांनी ती लॅब असेलच असं नाही.